कुकरीचं वजन पुढे का असतं? लाकडालाही तीच, लढाईलाही तीच

रानमाणूस
आमची दापोलीजवळ आंबा-काजूची बाग आहे. दरवर्षी कवळतोडीला आणि काजूच्या वाळक्या फांद्या काढायला कोयताच वापरतो, वडिलांपासून तेच चालत आलंय. तीन वर्षांपूर्वी दार्जिलिंगचा एक मित्र घरी राहून गेला. तो गोरखा पलटणीतून निवृत्त झालेला. जाताना त्याने स्वतःची कुकरी मला दिली. वजन केलं तर बरोबर ६०० ग्रॅम. पहिल्याच दिवशी ऐनाची मनगटाएवढी फांदी दोन घावांत खाली आली. कोयत्याला तिथे चार-पाच तरी लागले असते.

मग हौसेने आणखी एक मागवली, मोठी, मुठीच्या मागे पितळ बसवलेली, ८५० ग्रॅमची. वाटलं, एवढी जड आहे तर हिच्यापुढे ती पहिली काहीच नाही. पण ही दुसरी फांदीवर आदळते आणि उसळते. चार घाव घातले की मनगट भरून येतं.

माझे दोन प्रश्न. कुकरीची सगळी करामत पुढच्या वजनात आहे असं सगळे म्हणतात, मग जास्त जड कुकरी कमी का कापते? आणि जे हत्यार जळाऊ लाकूड फोडायला बनलंय तेच लढाईत एवढं नाव का मिळवून बसलं? दोन्ही कामं एकाच आकाराने कशी होतात?

ढाल_तलवार
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वजन पुढे असलं की घावाचा मोक्याचा बिंदू, जिथे आपटलं तरी हाताला झटका बसत नाही तो, मुठीपासून सरकून पात्याच्या पोटाशी, म्हणजे पुढच्या रुंद भागाशी जातो. सरळ सुरीत तो मागे असतो. तुमच्या दुसऱ्या कुकरीचं वजन मुठीत आहे, म्हणून तो बिंदू मागे आला असणार.

आणि आकार आला कुठून तर सिकंदराच्या सैन्याकडून, असं बरेच जण मानतात. ग्रीकांची कोपिस तलवार बघा, हुबेहूब पुढे वाकलेली. ग्रीक लेखक झेनोफॉननेही घोडेस्वाराला सरळ तलवारीपेक्षा कोपिसच बरी असं लिहून ठेवलंय. लढाईसाठी बनलेलं पातं नंतर लाकडाला लागलं, उलटं नाही.

सर्पमित्र_नाशिक
शीर्षक बघून धावत आलो, मला वाटलं कुकरी सापाबद्दल धागा आहे. तरी सांगतो, कारण नाव तुमच्या हत्यारावरूनच पडलंय. या सापाच्या वरच्या जबड्यात मागे दोन रुंद, वाकडे दात असतात, अगदी कुकरीच्या पात्यासारखे. त्यांनी तो सरड्या-पालींच्या अंड्यांची कवचं चिरतो. बिनविषारी आहे. घरात दिसला तर मण्यार समजून मारतात, कारण अंगावर आडवे पट्टे. कृपया मारू नका.

रानमाणूस
@सर्पमित्र, आमच्या पडवीत दोनदा निघालाय, दोन्ही वेळा जिवंत सोडला. वाकड्या धारेने कवच चिरणं हेही या धाग्याशी नातं सांगणारंच आहे.

मास्तर६१
पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा या प्रश्नाने हात शिवशिवले. @ढाल_तलवार यांचं अर्धं बरोबर आहे. शांत बिंदू असतो, तिथे आपटलं की हाताला झटका बसत नाही, हे खरं. पण मुठीतलं वजन पोटाकडे नेलं की तो पुढे सरकतो हे खरं नाही. घरच्या घरी तपासता येतं, नुसतं माझ्या शब्दावर जाऊ नका.

रानमाणूस, असं करा. दोन खुंट्यांमध्ये बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधा. तिच्या मधोमध कुकरीची मूठ घट्ट बांधा, जिथे तुमच्या मुठीचा मध्य येतो बरोबर तिथे. पातं खाली लोंबू द्या. खाली कुणाचे पाय नकोत. घाव घालताना पातं ज्या दिशेला जातं त्याच दिशेला हलकेच झुलवा. शेजारी गवंड्याचा ओळंबा टांगा आणि त्याचा दोरा कमी-जास्त करत राहा, दोघं एका तालात झुलेपर्यंत. मग दोऱ्याची लांबी मोजा, ओळंब्याच्या मध्यापर्यंत. तेवढंच अंतर कुकरीवर, मुठीच्या मध्यापासून खाली मोजलं की शांत बिंदू सापडला.

दुसरं माप अजून सोपं. कुकरी बोटावर आडवी तोलून धरा, जिथे समतोल राहील तिथे खडूची खूण करा. मुठीच्या मध्यापासून खुणेपर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही कुकऱ्यांची ही मापं टाका, मग बोलू.

मीरा_पोखरा
मी मूळची सांगलीची, लग्नानंतर अकरा वर्षं पोखऱ्यात. इथे तिला खुकुरी म्हणतात. शेजारच्या काकींच्या घरात तीन आहेत आणि एकही कधी लढलेली नाही. मका सोलणं, बकऱ्यांना डालेघाँस म्हणजे झाडपाल्याचा चारा तोडणं, कोंबडी कापणं, बांबूच्या पट्ट्या काढणं, सगळं तिनेच. बांबूच्या पट्ट्या काढताना त्या पातं मुठीजवळ, आतल्या बाकाशी धरतात आणि बांबू त्या बाकात बसवून ओढतात. तिथे धार सरळ आणि हाताजवळ असल्याने चाकूसारखी चालते. जाड लाकूड आलं की पकड मागे नेतात आणि पोटाने घाव घालतात. म्हणजे एकाच पात्यात चाकूही आहे आणि कुऱ्हाडही. म्हणून सिकंदराची गोष्ट मला पटत नाही. इथे घराघरातलं शेतीचं अवजार आहे ते.

ढाल_तलवार
मीराताई, आज शेतीचं आहे म्हणजे मुळातही शेतीचंच होतं असं नाही. काठमांडूच्या छाउनीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात गोरखा राजा द्रव्य शाहची खुकुरी आहे, म्हणजे सोळाव्या शतकातली. तेव्हाही ती राजाच्या कमरेलाच होती.

मीरा_पोखरा
राजाच्या कमरेला होती तशीच त्याच्या लाकूडतोड्याच्याही असेल. लाकूडतोड्याची संग्रहालयात ठेवायला कोण नेणार?

ऐरण
माझा स्वतःचा भाता आहे, वाई भागात. कोयते, विळे, पहारी बनवतो. दोन वर्षांपूर्वी पूर्व नेपाळात धरानला एका विश्वकर्मा कारागिराच्या आरनावर, म्हणजे भट्टीवर, आठ दिवस बसलो होतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कापून घेतात. घडताना मुठीजवळ पाठ जाड ठेवतात, आठ-नऊ मिलिमीटर. बाकापर्यंत ती थोडीच उतरते, पण बाकानंतर टोकाकडे भराभर पातळ करत नेतात. पातं रुंद मात्र तिथेच होतं. आपल्याला वाटतं पुढे लोखंड जास्त घातलंय. तसं नाही. तेच लोखंड पसरवून रुंद केलंय. वजन पुढे राहतं आणि धार तरीही बारीक निघते.

पाणी देण्याची पद्धत तर मी विसरणार नाही. आपण कोयता तापवून डोणीत बुडवतो. तो माणूस किटलीतून धारेवरच पाणी ओततो, पोटाच्या भागावर हळू, पुढे-मागे नेत. धार कडक होते, पाठ मऊ राहते. पाठीपर्यंत सगळं कडक केलं तर एवढ्या जोराच्या घावाला पातं मधोमध तुटेल. मऊ पाठ तो हादरा पिते.

ओळखायची खूण: कानस घ्या. पोटाशी धारेवर ती घसरली पाहिजे, पाठीवर ती चावली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावली तर पाणीच दिलेलं नाही. दोन्हीकडे घसरली तर जपून, कधीतरी तुकडा उडेल.

रानमाणूस, दुसऱ्या कुकरीची पाठ टोकाशी किती जाड आहे तेही मोजा.

सुगंधा
विषय वेगळा आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या भावाने फिरायला गेल्यावर कुकरी आणली आणि पाहुण्यांना दाखवायला म्यानातून उपसली. डाव्या हाताने म्यान मुठीत आवळून धरलं होतं. पातं बाहेर येताना म्यानाची शिवण कापत आलं आणि त्याच्या चार बोटांत गेलं. दोन बोटांच्या शिरा जोडाव्या लागल्या. अजून करंगळी पुरती मिटत नाही.

निवृत्त_पलटण
सुगंधाताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. गोरखा पलटणीत नव्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, बोटं धारेच्या बाजूला गुंडाळायचीच नाहीत. म्यान आतून लाकडाच्या दोन फळ्यांचं असतं आणि वरून चामडं. वाकडं पातं बाहेर काढताना पोट धारेकडच्या कडेला घासतच येतं. उपसताना पात्याची पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून सरकवायची. भाऊरायांना लवकर बरं वाटो.

मी बावीस वर्षं गोरखा जवानांसोबत काढली, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहीन. आधी रानमाणूसची मापं येऊ देत.

रानमाणूस
आज रविवार, अख्खी दुपार यातच गेली. ओळंबा गवंडीकाकांकडून आणला. पडवीच्या दोन खांबांना दोरी ताणली, मुलगी ताल मोजायला बसली.

पहिली, ६०० ग्रॅमची: समतोलाची खूण मुठीच्या मध्यापासून १६ सेंटिमीटरवर. ओळंब्याचा दोरा जुळला तेव्हा २५ सेंटिमीटर. पाठ मुठीशी ९, बाकाशी ७, टोकाच्या अलीकडे ३ मिलिमीटर.

दुसरी, ८५० ग्रॅमची: समतोल १२ सेंटिमीटरवर. ओळंबा इथेही २५ वरच जुळला! दोन्ही कुकऱ्यांचे वीस झोके जवळजवळ वीस सेकंदांत. पाठ मुठीशी ९, बाकाशी ९, टोकाच्या अलीकडे ८.

म्हणजे मास्तर म्हणाले तेच. शांत बिंदू दोन्हींत एकाच जागी, पात्याच्या पोटाशी. मग फरक कुठे आहे?

मास्तर६१
शाब्बास! तुमच्या मुलीला माझा खास नमस्कार सांगा.

आता फरक बघू. कुकरी हातात फिरते तेव्हा तिचं सगळं वजन फांदीवर पडत नाही. मुठीतलं लोखंड जवळजवळ जागच्या जागी फिरतं, टोकाकडचं जोरात फिरतं. मग शांत बिंदूवर घाव बसतो तेव्हा फांदीला प्रत्यक्ष किती वजन भेटतं? ते तुमच्याच मापांतून निघतं. एकूण वजन घ्या, समतोलाच्या अंतराने गुणा, ओळंब्याच्या अंतराने भागा.

पहिली: ६०० गुणिले १६ भागिले २५, म्हणजे ३८४ ग्रॅम. दुसरी: ८५० गुणिले १२ भागिले २५, म्हणजे ४०८ ग्रॅम.

दुसरी उचलताना तुम्ही २५० ग्रॅम जादा उचलता आणि त्यातले फांदीपर्यंत पोचतात २४ ग्रॅम. बाकीचं मूठ आणि पितळ यांच्यात अडकलेलं. मनगट भरून येतं ते त्यानेच. तुलनेसाठी, ६०० ग्रॅमचंच सरळ पातं घेतलं आणि त्याचा समतोल मुठीच्या मध्यापासून ९ सेंटिमीटरवर असला, तर शांत बिंदू साधारण तिथेच राहतो पण फांदीला भेटतात २१६ ग्रॅम. कुकरीचं पुढचं वजन म्हणजे नेमकं हे. बिंदू हलत नाही, त्या बिंदूवर काम करणारं वजन वाढतं. आणि ते जिथे काम करतं तिथेच कारागिराने पातं सगळ्यात रुंद आणि धार सगळ्यात कडक ठेवलेली असते.

ढाल_तलवार
मान्य. मी बिंदू सरकतो असं अनेक ठिकाणी वाचलं होतं आणि खरंच समजत होतो. पण एक शंका आहे. माणूस काही मुठीच्या मध्याभोवती कुकरी फिरवत नाही. कोपर आणि खांदाही फिरतात. मग हा हिशेब कितपत टिकतो?

मास्तर६१
शंका रास्त आहे. हा हिशेब शेवटच्या क्षणाचा आहे, जेव्हा मनगट सुटतं. पूर्ण हाताने घाव घातला तर मुठीलाही वेग असतो आणि तिचं वजनही थोडं कामाला येतं, म्हणजे जड कुकरीचा तोटा मी दाखवला त्यापेक्षा थोडा कमी होईल. किती कमी, ते घाव घालणाऱ्याच्या हातावर आहे. तो आकडा माझ्याकडे नाही.

वैदेही_ठाणे
मला गणित कळलं, पण एवढंच असेल तर हातोडीसारखी पुढे जड सरळ पट्टीही चालली असती. वाकवली कशाला?

ऐरण
वैदेहीताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. लोहाराच्या भाषेत सांगतो.

पुढच्या वजनाने जोर मिळतो, बाक त्या जोराला वाट करून देतो. सरळ पट्टी फांदीवर चपटी आपटते. कुकरीच्या पोटाची धार घावाच्या वाटेला तिरकी असते, म्हणून लाकडात शिरता शिरता ती पुढे घसरतेही. आपण मुद्दाम ओढून कापत नाही, आकारच ओढतो. भाजी चिरताना सुरी नुसती दाबली तर टोमॅटो चेपतो, जरा सरकवली की कापतो, तेच. तिरकं शिरलं की धारेची पाचर लाकडाला पातळ लागते. घाटाचा रस्ता सरळ चढण टाळून वळसा घेतो तेव्हा चढ कमी लागतो ना, तसंच लाकडाला वाटतं.

दुसरं, पोटाच्या अलीकडे धार आत वळलेली आहे. फांदी तिथे लागली तर टोकाकडे निसटत नाही, बाकात अडकून राहते. कोयत्याच्या चोचीचं कामही काहीसं हेच, पण कोयता फांदी ओढून घेतो, कुकरी मारताना धरून ठेवते.

आणि तिसरं माझ्या हाताला जाणवलेलं. पातं खाली वाकलेलं असल्याने घाव बसतो तेव्हा मनगट सरळ असतं. सरळ कत्ती घेऊन तीच फांदी मारायला गेलात तर शेवटी मनगट खाली मोडावं लागतं आणि तिथे जोर उरत नाही.

आता रानमाणूसची दुसरी कुकरी. टोकाशी ८ मिलिमीटर पाठ! म्हणजे पाटा जसा होता तसा वाकवून फक्त कडेला धार काढलीय. धारेमागे लोखंडाची भिंत आहे. फांदीत दोन बोटं शिरली की ती भिंत लाकडाला लागते आणि पातं उसळतं. कितीही वजन घाला, तिथेच थांबणार.

निवृत्त_पलटण
आता माझी बाजू.

जवानाच्या कमरेला कुकरी असते ती नव्वद टक्के वेळ अवजार म्हणूनच. बंकरसाठी लाकूड, वाट करायला झुडुपं, दशैंला म्हणजे नेपाळी दसऱ्याला बोकड. त्या रोजच्या कामाने हाताला तिचं वजन पाठ होतं. लढाईत वेगळं काही शिकावं लागत नाही, तोच घाव, तीच चाल. तिच्या नावामागचं मोठं कारण हे आहे असं मला वाटतं. दुसऱ्या सैन्यांत जवानाला संगीन शिकवावी लागते, कारण संगिनीने कुणी घरी सरपण तोडत नाही.

दुसरं, ती आखूड आहे. खंदकात, दाट जंगलात, झोपडीच्या दारात लांब तलवार फिरवायला जागा नसते. १८१४ साली देहरादूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यात गोरखा सेनानी बलभद्र कुंवर थोड्या माणसांनिशी इंग्रजांना अडवून बसला, तेव्हा भिंतीला पडलेल्या भगदाडाशी हातघाईची लढाई झाली. तिथे अशी आखूड आणि जोरदार घाव घालणारी चीज कामाला येते. सरळ आखूड सुरीला भोसकावं लागतं, जाड गरम कपडे आणि पट्टे असले की ते कठीण. कुकरीच्या घावाला वर मास्तरांनी सांगितलेलं वजन मागे उभं असतं.

अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१० सालच्या सप्टेंबरमधलं. मौर्य एक्स्प्रेसमध्ये दरोडेखोरांची मोठी टोळी शिरली आणि आठव्या गोरखा रायफल्सचा निवृत्त होऊन घरी निघालेला बिष्णु श्रेष्ठ हा एकटा जवान कुकरी घेऊन उभा राहिला. डब्यातल्या चिंचोळ्या वाटेत एका वेळी एक-दोघंच समोर येऊ शकत होते. हात पुरता फिरवायला जागा नसतानाही जोर देणारं हत्यार त्याच्या हातात होतं. त्याच्याही हाताला मोठी जखम झाली.

पण तिची उणी बाजूही सांगायलाच हवी. पुढे वजन असलेला घाव चुकला की थांबत नाही, तो तुमचा हात घेऊनच जातो. परत फिरवायला वेळ लागतो. मुठीला हाताचा बचाव करणारी आडवी पट्टी नाही, त्यामुळे समोरच्याचा वार तिच्यावर झेलणं धोक्याचं. टोक हाताच्या रेषेच्या खाली असल्याने भोसकायलाही ती सरळ कट्यारीएवढी चांगली नाही. जे लाकूड उभं राहतं त्याच्यावर ती सरस, जो माणूस हलतो त्याच्यावर तिची किंमत सराव असेल तरच. म्हणून जवान पूर्ण हात फेकत नाहीत, कोपरातून तोकडा घाव घालतात.

ढाल_तलवार
साहेब, एक विचारायचं होतं. म्यानातून काढली की रक्त लावल्याशिवाय परत ठेवत नाहीत हे खरं का? आणि जवान ती फेकून मारतात का?

निवृत्त_पलटण
दोन्ही खोटं. दिवसातून दहादा काढून कांदे चिरणारा आमचा लंगरी दर वेळी बोट कापून घेत नव्हता. आणि फेकायला ती वाईटच. पुढे एवढं वजन आणि वाकडा आकार असलेली वस्तू हवेत कशीही गिरकी घेते, धार पुढे येईल याची खात्री नाही. शिवाय फेकली की हात रिकामा.

वैदेही_ठाणे
मुठीजवळ पात्याला ती छोटी खाच असते, ती कशासाठी?

मीरा_पोखरा
इथे तिला कौडी म्हणतात. काकी सांगतात ते गाईचं खूर आहे. दुसरे शेजारी म्हणतात शंकराचा त्रिशूळ.

ढाल_तलवार
शत्रूची तलवार अडकवायला.

निवृत्त_पलटण
करंगळीच्या नखाएवढी खाच, तीही बोटांपासून दीड इंचावर. तिथे कुणाची तलवार अडकवायला गेलात तर बोटं जातील. जवानांत दुसरं सांगतात: रक्त किंवा चीक पात्यावरून वाहत येऊन मूठ निसरडी होऊ नये, तिथेच टपकावं.

ऐरण
मला धरानच्या कारागिराने सांगितलं की धार तिथे संपवायची असते. धार थेट मुठीपर्यंत नेली तर पाजळताना मुठीला खरचटतं, आणि चीर गेली तर सरळ मुठीत जाते. खाच गोल असली की चीर तिथे थांबते. पण त्याने शेवटी हात जोडून गाईचंही नाव घेतलं. मला दोन्ही एकाच माणसाकडून ऐकायला मिळालं, तेव्हा एकच खरं असं मी म्हणणार नाही.

सुगंधा
माझा प्रश्न बायकांच्या हाताबद्दल. भावाची कुकरी आता माझ्याकडेच पडून आहे. नारळ फोडायला काढली तर मुठीच्या मधली कडी तळव्यात रुतते आणि दहा मिनिटांत मनगट दुखतं. माझं वापरणं चुकतंय का?

मीरा_पोखरा
काकींची खुकुरी घरातल्या पुरुषांच्या खुकुरीपेक्षा आखूड आहे, वजनही निम्म्याच्या आसपास. इथे घेताना दुकानात हातात धरून दोन-तीनदा हवेत हलवून बघतात, मनगट ओढलं तर परत ठेवतात. तुमची बहुतेक तुमच्या हाताची नाही. आणि ती घट्ट आवळू नका. काकी मागची दोन बोटं घट्ट आणि पुढची सैल धरतात, घाव बसताना आवळतात. मुठीचा शेवट घंटेसारखा फुललेला असतो तो त्यासाठीच, सैल धरली तरी निसटत नाही. नारळाला तर ती पाठीनेच मारा, धारेने नको.

रानमाणूस
सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरणदादांनी सांगितलेली कानस दोन्हींवर फिरवली. पहिलीवर पोटाशी घसरली, पाठीवर चावली. दुसरीवर धारेवरही चावली, पाठीवरही चावली. आता नीट पाहिलं तर पोटाच्या धारेवर तीन ठिकाणी कडा एका बाजूला वळलीय. करवंदाच्या जाळीत मारली होती तेव्हाची असणार.

आता विचारतो, हिला घासून पातळ केली तर सुधारेल का? इथल्या एका वर्कशॉपवाल्याकडे ग्राइंडर आहे.

ऐरण
ग्राइंडरवर नेऊ नका. धार निळी पडली म्हणजे उरलंसुरलं पाणीही गेलं. तुमच्या कुकरीला मुळात पाणी नाही हे खरं, पण ग्राइंडरवर लोखंड भराभर उतरतं, जास्त निघालं तर परत येत नाही. आधी पातळ करा, ओल्या दगडावर, हाताने, दोन्ही बाजूंनी गोलसर. धारेपासून दोन बोटं मागेपर्यंतचं लोखंड उतरवायचं, नुसती कड नाही. मग माझ्याकडे पाठवा. मूठ काढून घेऊन पोटाला पाणी देऊन बघतो. स्प्रिंगचाच पाटा असेल तर पाणी धरेल. साधं लोखंड असेल तर नाही धरणार, आणि ते ठिणगीवरून आधीच कळेल.

मास्तर६१
आणि पोटाकडून लोखंड काढताना लक्षात ठेवा, तिथला प्रत्येक ग्रॅम कामाचा आहे. धार पातळ करण्यापुरतंच काढा. वजन कमी करायचं तर मुठीच्या मागचं पितळ काढा. ते काढलं तर पोटाशी फांदीला भेटणाऱ्या वजनात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, उचलताना मात्र हलकी वाटेल.

निवृत्त_पलटण
पितळ काढताना मूठ कशी बसवलीय ते बघा. जुन्या पद्धतीत पात्याची शेपटी मुठीत लाखेने चिकटवलेली असते. उन्हात किंवा चुलीजवळ राहिली की लाख मऊ होते आणि मूठ हलायला लागते. मी एकदा उन्हात तापलेल्या कुकरीने सरपण फोडायला गेलो आणि पातं हातातून निघून पाच हात पुढे पडलं. काम सुरू करण्याआधी मूठ पिळून बघायची सवय तेव्हापासून लागली.

रानमाणूस
साहेब, आत्ताच पिळून पाहिली. दुसरीची हलतेय, कागदाएवढी फट दिसतेय. उद्या पितळ उतरवतो, शनिवारी दगडावर बसतो. ओळंबा अजून खांबालाच आहे, पितळ निघालं की पहिलं माप तिथेच घेऊन इथे टाकतो.

वैदेही_ठाणे
ताल मोजायला मुलीलाच बसवा. आणि घासण्याआधीचं अन् नंतरचं, दोन्ही टाका.